आत्याच्या पॉलिसीचे फोटो आले, आता पुढे काय?

जानेवारीतल्या एका रात्री आत्याने व्हॉट्सॲपवर चार फोटो टाकले आणि पाठोपाठ फोन केला. "अगं, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय डॉक्टरांनी. माझ्या पॉलिसीत बसतं का तेवढं बघ." आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. तिला 'मिळतील' किंवा 'नाही मिळणार' यांपैकी एक शब्द हवा होता. तो लगेच देता येत नाही आणि देऊही नये. फोटोंवरून तिला वाचता येईल असा अर्ध्या पानाचा सारांश कसा बनवला, ते आत्याचीच पॉलिसी समोर ठेवून सांगते. भारतातल्या कुठल्याही वैयक्तिक आरोग्य विम्याला ही रीत लागू पडेल. आकडे मात्र ज्याच्या त्याच्या कागदावरचे घ्यायचे.

फोटोत नक्की काय आहे

आत्याने पाठवलं होतं ते शेड्यूल. पॉलिसी त्याहून मोठी असते. शेड्यूल म्हणजे पहिली दोन-चार पानं: नाव, वय, विम्याची रक्कम, कालावधी, जाहीर केलेले आजार, को-पे म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा हिस्सा. 'अमुक आजाराला दोन वर्षं थांबावं लागेल' ही यादी त्यात बहुतेक वेळा नसते. ती अटी-शर्तींच्या जाड पुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका कुणीच जपून ठेवत नाही. नुसत्या शेड्यूलवरून 'काय मिळत नाही' हे लिहायला बसलात तर निम्मं अंदाजाने लिहाल.

पुस्तिका मिळवायला शेड्यूलवरचा यूआयएन हा क्रमांक उपयोगी पडतो. प्रत्येक विमा उत्पादनाला नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, दिलेली ती ओळख असते. बहुधा पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाची पुस्तिका शोधायची आणि क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहायचा. एकाच नावाच्या पॉलिसीच्या पाच-सहा आवृत्त्या पडलेल्या असतात, अटी बदलतात आणि नाव तेच राहतं. मी पहिल्यांदा नाव बघून जी पुस्तिका उतरवली ती जुनी निघाली. त्यात पूर्वीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ 48 महिने होता, आत्याच्या आवृत्तीत 36. (2024च्या नियमांनुसार 36 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवताच येत नाही. 48 दिसले की कागद जुना आहे हे ओळखावं.)

पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रकही यायला हवं. त्यात अपवाद, प्रतीक्षा काळ आणि क्लेमची रीत थोडक्यात असते, आणि मागितलं तर ते मराठीतही मिळू शकतं. आत्याकडे ते नव्हतं, म्हणून कंपनीला ईमेल करून मागवलं.

फोटो पुन्हा काढून घ्या

चारपैकी एका फोटोवर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका तारखेवर पडला होता. दुसऱ्यात स्टेपलच्या कोपऱ्याखाली दोन ओळी दबल्या होत्या. पानांवर 'सहापैकी 1' असं छापलेलं होतं, आणि माझ्याकडे आलेली पानं होती 1, 2, 3 आणि 5.

आत्याच्या शेजारच्या मुलीला फोनवर सांगितलं: स्टेपल काढ, पान टेबलावर सपाट ठेव, खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून काढ, एका फोटोत एकच पान घे, मागची बाजूही घे, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. 3 आणि 8, 1 आणि 7 यांची गल्लत तिथेच होते.

शंका आलेला आकडा दुसरीकडून पडताळता येतो. विम्याची रक्कम बऱ्याचदा अक्षरातही लिहिलेली असते. वर्षभराच्या पॉलिसीचा शेवटचा दिवस सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या दिवशी येतो. आत्याची पॉलिसी 14 जून 2025 ते 13 जून 2026 अशी होती. सुरुवातीची तारीख '11' की '14' हे कळत नव्हतं, ते शेवटच्या तारखेवरून कळलं. पडताळता आलं नाही तर सारांशात 'वाचता आलं नाही' असं लिहायचं. अंदाजाने भरलेला आकडा वाचणाऱ्याला खराच वाटतो.

पान 4 आणि 6 त्या रात्री आलीच नाहीत. मी वहीत लिहून ठेवलं: 'पान 4, 6 बाकी.' पान 4 वरच रूम रेंटची अट होती, हे नंतर कळलं.

महिन्यांच्या तारखा करा

सारांशातलं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे. '24 महिने प्रतीक्षा काळ' या शब्दांतून आत्याला काहीच कळत नाही. 'अमुक तारखेनंतर' म्हटलं की कळतं.

मोजणी चालू वर्षाच्या तारखेपासून करायची नाही. खंड न पडता पॉलिसी पहिल्यांदा कधी सुरू झाली, ती तारीख धरायची. शेड्यूलवर 'पहिल्या पॉलिसीची तारीख' असा रकाना असतो. दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आलेलं असेल तर आधीच्या वर्षांचं श्रेय मिळतं, पण ते शेड्यूलवर नोंदलेलं आहे का ते पाहावं. आत्याची पहिली तारीख होती 14 जून 2022.

आता खरी गोम. 2022 मध्ये विम्याची रक्कम 3 लाख होती. 14 जून 2024 ला ती वाढवून 5 लाख केली. आत्याच्या मनात 'माझी पॉलिसी चार वर्षं जुनी, पाच लाखांची' असं पक्कं बसलं होतं. पण रक्कम वाढवली की वाढलेल्या भागापुरता प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. म्हणजे कागद एक असला तरी मोजणीपुरत्या आत्याच्या दोन पॉलिसी आहेत: एक 3 लाखांची, 2022 पासूनची, आणि दुसरी 2 लाखांची, 2024 पासूनची. वहीत दोन रकाने आखले आणि प्रत्येक अट दोनदा मोजली.

पुस्तिकेत प्रतीक्षा काळ तीन कोडखाली असतात. ही कोडं सगळ्या कंपन्यांत सारखी असल्यामुळे शोधायला सोपं जातं. `Excl03` म्हणजे पहिले 30 दिवस, ज्यात अपघात सोडून काही मिळत नाही. आत्याचा हा काळ केव्हाच सरला. `Excl02` म्हणजे ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांची यादी: मोतीबिंदू, हर्निया, सांधा बदलणं वगैरे. आत्याच्या पॉलिसीत याला 24 महिने. `Excl01` म्हणजे पॉलिसी घेण्याआधीचे आजार, त्यांना 36 महिने.

शेड्यूलवर आत्याच्या नावापुढे 'एचटीएन, डीएम' होतं, म्हणजे रक्तदाब आणि मधुमेह. 2024च्या वाढीच्या वेळी त्यात 'ओए नी' जोडलेलं दिसलं, म्हणजे गुडघ्याची झीज. गुडघ्यासाठी आत्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा कधी गेली, हे तिच्या फाईलमधल्या जुन्या चिठ्ठीवरून काढलं: नोव्हेंबर 2023.

ही तारीख दोन्ही मोजण्यांच्या मधोमध पडते. 3 लाखांच्या भागासाठी गुडघा आधीचा आजार नाही, कारण दुखणं पॉलिसीनंतरचं. तिथे फक्त यादीतले 24 महिने लागतात आणि ते 14 जून 2024 ला पूर्ण झाले. 2 लाखांच्या भागासाठी मात्र तोच गुडघा आधीचा आजार ठरतो, कारण रक्कम वाढवली तेव्हा दुखणं होतंच. आणि एखादी गोष्ट दोन्ही प्रतीक्षा काळात बसत असेल तर त्यातला मोठा काळ लागू होतो, असं `Excl02` मध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे 24 नाही, 36 महिने. वाढीव 2 लाख गुडघ्यासाठी 14 जून 2027 पासून मिळणार.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं: आज ऑपरेशन केलं तर 3 लाखांपर्यंतच धरायचं, 5 लाख नाहीत.

रक्तदाब-मधुमेहाचंही तसंच. 3 लाखांसाठी 14 जून 2025 पासून मोकळीक, 2 लाखांसाठी 14 जून 2027 पासून.

तुमच्या माणसाच्या फाईलमध्ये पॉलिसीच्या आधीचा एखादा आजार निघाला आणि शेड्यूलवर तो नसेल, तर ती गोष्ट सारांशात लपवू नका, वेगळ्या ओळीत लिहा. न सांगितलेल्या आजारावरून क्लेम अडतो. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला त्या मुद्द्यावर हरकत घेता येत नाही. पण ही 60 महिन्यांची मोजणीही वाढीव रकमेसाठी वेगळीच असते.

अपवादांची सगळी यादी उतरवू नका

पुस्तिकेत `Excl18` पर्यंत कोडं आहेत. एकाहत्तर वर्षांच्या आत्याला बाळंतपणाच्या खर्चाचा अपवाद वाचून दाखवण्यात अर्थ नाही. तिच्या वयाला नि तब्येतीला भिडतात तेवढेच घेतले. ते दोन निघाले.

पहिला `Excl04`: फक्त तपासण्यांसाठी दाखल होणं. चक्कर आली, डॉक्टर म्हणाले दोन दिवस ठेवून सगळं तपासू, रिपोर्ट नॉर्मल आले, घरी सोडलं. म्हाताऱ्या माणसांचे क्लेम इथेच जास्त अडकतात. घरच्यांना वाटतं 24 तासांपेक्षा जास्त दाखल होतो म्हणजे मिळणारच. पण दाखल राहून उपचार झाले की फक्त तपासण्या झाल्या, हे कंपनी डिस्चार्ज समरीत पाहते. म्हणून सारांशात लिहिलं: 'दाखल करताना डॉक्टरांना विचारा, उपचारासाठी ठेवताय की तपासणीसाठी?' उत्तर 'तपासणीसाठी' आलं तर खर्च स्वतःचा धरून चालायचं.

दुसरा `Excl11`: कंपनीने वगळलेली रुग्णालयं. त्यांची यादी संकेतस्थळावर असते. तिथे जीव धोक्यात असताना किंवा अपघातात नेलं तर पेशंट स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो, पुढचा नाही. आत्याच्या जवळची तीन रुग्णालयं मी यादीत तपासली आणि कॅशलेस कुठल्यात होतं तेही लिहून ठेवलं. ही यादी बदलत असते, म्हणून पुढे तपासल्याची तारीख टाकली.

पुस्तिकेच्या शेवटी बिलातून वगळायच्या वस्तूंची लांबलचक यादी असते: हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क असलं. ती उतरवली नाही. 'काही वस्तूंचे पैसे आपल्यालाच भरावे लागतील' एवढी एक ओळ पुरते.

पैसे नक्की किती मिळतील

दोन दिवसांनी पान 4 आलं. त्यावर 'रूम रेंट रोज 5,000 पर्यंत' असं होतं. पान 2 वर 20 टक्के को-पे होताच, म्हणजे मंजूर रकमेतला पाचवा हिस्सा आत्याचा.

रूम रेंटची अट दिसते तेवढी साधी नाही. महागडी खोली घेतली तर फक्त खोलीतला फरक भरावा लागेल असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या मात्र त्या कपातीतून बाहेर असतात. खोलीच्या दर्जानुसार बाकीचे दर बदलत नसतील अशा रुग्णालयात ही कपात लावता येत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावं.

आत्याला हे शब्दांत पटेना, म्हणून एक काल्पनिक बिल मांडलं. खोली रोजची 8,000 ची, चार दिवस, म्हणजे 32,000. डॉक्टर, थिएटर, नर्सिंग 1,20,000. इम्प्लांट, औषधं, तपासण्या 1,28,000. एकूण 2,80,000.

मर्यादा 5,000 ची आणि खोली 8,000 ची, म्हणजे आठातले पाच भाग मंजूर. खोलीचे 20,000 आणि डॉक्टर वगैरेंचे 75,000. इम्प्लांट-औषधांचे 1,28,000 पूर्ण. बेरीज 2,23,000. त्यातून 20 टक्के को-पे, म्हणजे 44,600 वजा. कंपनी देणार 1,78,400 आणि आत्याच्या खिशातून जाणार 1,01,600.

तेच 5,000 ची खोली घेतली आणि बाकी बिल तसंच धरलं, तर बिल 2,68,000, को-पे 53,600, आणि आत्याला फक्त तेवढेच भरायचे. खोलीत वाचले 12,000, खिशात राहिले 48,000. "म्हणजे एसीची खोली मला अठ्ठेचाळीस हजारांना पडणार?" आत्या म्हणाली. हिशेब तिने माझ्यापेक्षा लवकर धरला.

क्लेमच्या अटी कुणासाठी लिहायच्या

त्या आत्यासाठी नसतात. दाखल व्हायची वेळ येते तेव्हा ती स्ट्रेचरवर असते. फोन करणारा दुसराच कुणी असतो, म्हणून हा भाग त्याच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहिला. आत्याच्या पॉलिसीत ठरलेल्या ऑपरेशनची सूचना 48 तास आधी आणि अचानक दाखल झाल्यास 24 तासांच्या आत द्यायची होती. कॅशलेस नसेल तर कागदपत्रं डिस्चार्जनंतर 30 दिवसांत. तुमच्या पॉलिसीत हे तास आणि दिवस वेगळे असू शकतात.

कॅशलेसची पूर्वपरवानगी मागितल्यावर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत, असा 2024 पासूनचा नियम आहे. काउंटरवर ताटकळत बसलेल्या माणसाला हे माहीत असलं तर विचारायला तोंड राहतं.

दाखल होण्याआधीच्या आणि घरी आल्यानंतरच्या खर्चाचीही मुदत असते. आत्याची 30 आणि 60 दिवसांची. गुडघ्याच्या ऑपरेशनआधीचे एक्स-रे आणि नंतरची फिजिओथेरपी यात बसू शकतात, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ बिलं हवीतच. आत्याला औषधाच्या पावत्या भाजीच्या पिशवीत टाकायची सवय आहे, म्हणून कपाटाला एक लिफाफा चिकटवायला सांगितलं.

शेवटी कागदावर आलं ते असं

आत्यासाठी, मोठ्या अक्षरात. बहुतेक ओळींपुढे कुठल्या पानावरून घेतलं ते लिहिलं, म्हणजे उद्या कुणी 'हे कशावरून?' विचारलं तर शोधाशोध नको.

> आत्याची पॉलिसी, 13 जून 2026 पर्यंत. त्याआधी नूतनीकरण करायचंच. (शेड्यूल पान 1)
>
> गुडघ्याचं ऑपरेशन: आता केलं तर 3 लाखांपर्यंत विचार होईल. 5 लाखांपर्यंत 14 जून 2027 पासून. (पान 1, 3, पुस्तिका `Excl01`, `Excl02`)
>
> रक्तदाब, मधुमेहाशी संबंधित दाखल होणं: तसंच. 3 लाख आत्ता, 5 लाख 14 जून 2027 पासून.
>
> खोली: रोज 5,000 च्या आतलीच. (पान 4)
>
> मंजूर रकमेच्या 100 रुपयांतले 20 आपले. (पान 2)
>
> फक्त तपासणीसाठी दाखल झाल्यास पैसे नाहीत. (पुस्तिका `Excl04`)
>
> अजून न मिळालेलं: पान 6.

'मिळेल' न लिहिता 'विचार होईल' असं मुद्दाम लिहिलं. मंजुरी देणारी मी नाही. ऑपरेशन ठरल्यावर पूर्वपरवानगीचा अर्ज आधी टाकायचा आणि कंपनीचं लेखी उत्तर आल्यावरच आकडा पक्का धरायचा, हेही खाली लिहिलं.

कागद कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर झाकला. पूर्ण प्रत आत्याकडे आणि तिला दवाखान्यात नेणाऱ्या चुलतभावाकडे.

मग फोनवर वाचून दाखवलं आणि आत्याला उलट विचारलं: "समजा उद्या चक्कर आली आणि डॉक्टर म्हणाले दाखल व्हा, तर काय विचारशील?" ती म्हणाली, "उपचाराला ठेवताय का तपासायला." रूम रेंटचा आकडा तिला आठवेना, तेवढ्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारायला सांगितली. पान 6 पुढच्या आठवड्यात आलं. त्यावर मोतीबिंदूला एका डोळ्यामागे 40,000 ची मर्यादा होती, ती कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत भरली.